S = 28.8 + j21.6 या आकड्यातून किलोवॅट, केव्हीएआर आणि पॉवर फॅक्टर कसा वाचायचा

प्रश्न: मी अंबडला एका मशीन शॉपमध्ये मेंटेनन्सला आहे, सोबत डिप्लोमा चालू आहे. पुस्तकात S = VI* दिलंय, पण V आणि I सरळ गुणले तर काय बिघडतं ते कुणी सांगत नाही. आमच्या लोडचं गणित केलं की S = 28.8 + j21.6 kVA येतं. यातून खरी पॉवर, रिॲक्टिव्ह पॉवर आणि पॉवर फॅक्टर कसा वाचायचा? आणि १५ केव्हीएआरचा कपॅसिटर लावलेला असूनही रात्री मीटरवर पॉवर फॅक्टर ०.१५ का दिसतो?

उत्तर:

j नसलेला भाग, म्हणजे २८.८, ही किलोवॅटमधली खरी पॉवर. j सोबतचा २१.६ ही केव्हीएआरमधली रिॲक्टिव्ह पॉवर. त्याच्या आधी अधिक चिन्ह आहे म्हणजे लोड इंडक्टिव्ह आहे, करंट व्होल्टेजच्या मागे आहे. दोघांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं की ३६ केव्हीए येतात, आणि २८.८ ला ३६ ने भागलं की पॉवर फॅक्टर ०.८, लॅगिंग. परीक्षेत एवढं पुरेल. रात्रीचा ०.१५ समजायचा असेल तर मात्र ही संख्या वायरमधल्या कुठल्या गोष्टीचं वर्णन करते ते पाहावं लागेल. एकदा ते दिसलं की कॉन्जुगेटचा प्रश्नही सुटतो आणि कपॅसिटरचाही.

तुमचा लोड तिन्ही फेजवर सारखा आहे असं धरू आणि एकच फेज उघडून बघू. पॅनेलवर ४१५ व्होल्ट म्हणजे फेज ते न्यूट्रल साधारण २४० व्होल्ट. ३६ केव्हीएचा तिसरा हिस्सा १२ केव्हीए, त्याला २४० ने भागलं की ५० अँपिअर. कपॅसिटर बंद ठेवून इनकमरच्या एका वायरला टाँग टेस्टर लावला तर हाच आकडा दिसायला हवा. करंट व्होल्टेजच्या ३६.८७ अंश मागे आहे, कारण ०.८ हा त्याच कोनाचा कोसाइन.

आता त्या वायरमधून क्षणाक्षणाला जाणारी पॉवर मोजा. प्रत्येक क्षणाचं व्होल्टेज गुणिले त्याच क्षणाचा करंट. ५० हर्ट्झच्या दोन लाटा गुणल्या की १०० हर्ट्झची एक लाट मिळते, आणि ती शून्याभोवती न हलता ९.६ किलोवॅटच्या रेषेभोवती खालीवर होते. तिचा झोका १२ किलोवॅटचा: वर २१.६ पर्यंत, खाली उणे २.४ पर्यंत. (हा २१.६ आणि तुमच्या गणितातला j21.6 यांचा आकडा योगायोगाने जुळलाय, त्यांचा संबंध लावू नका.) उणे २.४ म्हणजे त्या क्षणी तुमचा लोड वीज घेत नाही, लाईनला परत देतो. दर १० मिलिसेकंदांमध्ये सुमारे २ मिलिसेकंद हे चालतं. लाटेची मधली रेषा म्हणजे खरी पॉवर, आणि झोक्याची उंची म्हणजे केव्हीए. S या एका संख्येत ही पूर्ण लाट बसवलेली आहे.

तीच लाट दोन तुकड्यांत मांडता येते:

p(t) = P(1 + cos 2ωt) + Q sin 2ωt

पहिला तुकडा कधीच शून्याच्या खाली जात नाही. तो फक्त घेतो, आणि त्याची सरासरी P. दुसरा जेवढा वर जातो तेवढाच खाली येतो. त्याची सरासरी शून्य, पण उंची Q. म्हणून Q ला "काम न करणारी पॉवर" म्हणून सोडून देऊ नका. ती एक मोजता येणारी देवघेव आहे. तुमच्या एका फेजवर Q आहे ७२०० व्हीएआर. त्याला ω ने, म्हणजे ३१४ ने भागा, सुमारे २३ येतात. एवढे ज्यूल, फक्त तेवीस, मोटरच्या चुंबकीय क्षेत्रात साठतात आणि रिकामे होतात, सेकंदाला १०० वेळा. रिकामे होताना त्यातली काही ऊर्जा त्याच फेजच्या कामात खर्चते, उरलेली लाईनमध्ये परत जाते. लिंबू सरबताच्या पेल्यात मावणारं पाणी एका अंशाचा दहावा भाग तापवायलाही ही ऊर्जा पुरणार नाही, पण तिची ये-जा इतक्या वेगाने चालते की करंट ४० वरून ५० अँपिअरवर जातो.

तिन्ही फेजची क्षणिक पॉवर एकत्र केली तर संतुलित लोडमध्ये हे झोके एकमेकांना खाऊन टाकतात आणि एकूण पॉवर स्थिर राहते. म्हणूनच थ्री-फेज मोटर एकसारखी फिरते. तरीही प्रत्येक वायरमधून तो जादा करंट वाहतोच आणि केबल तापवतोच.

आता तुमचा मुख्य प्रश्न, I वरची ती चांदणी. पॉवर ठरते ती व्होल्टेज आणि करंट यांच्या मधल्या कोनावरून, म्हणजे दोन कोनांच्या वजाबाकीवरून. कॉम्प्लेक्स संख्यांचा गुणाकार मात्र कोनांची बेरीज करतो. I चा कॉन्जुगेट घेतला की त्याच्या कोनाचं चिन्ह उलटतं आणि बेरजेची वजाबाकी होते. चांदणीचं काम एवढंच.

आर फेज घ्या. व्होल्टेज 240∠0°, करंट 50∠−36.87°, म्हणजेच 40 − j30. कॉन्जुगेट 40 + j30.

S = 240 × (40 + j30) = 9600 + j7200 VA

चांदणी न लावता गुणलं तर 9600 − j7200 येतं. खरी पॉवर बरोबर, फक्त Q चं चिन्ह उलटं. यामुळेच बऱ्याच विद्यार्थ्यांना वाटतं की कॉन्जुगेट म्हणजे चिन्हाचा एक संकेत आहे, नाही लावला तरी चालतं. पण इथे व्होल्टेजचा कोन शून्य होता म्हणून निभावलं. वाय फेजवर या. तिथे व्होल्टेज 240∠−120°, करंट 50∠−156.87°. लोड तोच, कोनातला फरकही तोच ३६.८७. सरळ गुणाकार केला तर कोन उणे २७६.८७, आणि उत्तर 1435 + j11914. म्हणजे ९.६ किलोवॅट घेणारी फेज कागदावर दीड किलोवॅटचीसुद्धा राहिली नाही. चांदणी लावली की पुन्हा 9600 + j7200. तुम्ही घड्याळ कधीही सुरू करा, संदर्भाची रेषा कुठेही धरा, VI* बदलत नाही, VI बदलतो. मोटर किती वीज खाते हे तुमच्या कागदावरच्या संदर्भरेषेवर अवलंबून असू शकत नाही. चांदणी अनिवार्य आहे ती यासाठी.

चांदणी V वर टाकली, म्हणजे V*I घेतलं, तरी खरी पॉवर बरोबर येते आणि Q चं चिन्ह उलटतं. ती पद्धत वापरणारी पुस्तकंही आहेत. आज सगळीकडे चालतो तो संकेत VI* चा: इंडक्टिव्ह लोडचा Q अधिक, कपॅसिटरचा उणे. पडताळा घ्यायचा असेल तर Z वरून घ्या. 240 भागिले 50∠−36.87° म्हणजे 4.8∠36.87°, म्हणजे 3.84 + j2.88 ओहम. त्याला करंटच्या वर्गाने, २५०० ने गुणा. पुन्हा 9600 + j7200. S चा कोन आणि Z चा कोन एकच असतो. व्हॉट्स ॲपवर कुणी गणित पाठवलं तर चिन्हाची चूक मी आधी इथेच पकडतो.

कोनांची वजाबाकी प्रत्यक्षात किती महत्त्वाची आहे हे मी पुस्तकात शिकलो नाही, सातपूरला एका कारखान्यात शिकलो. बरीच वर्षं झाली. पॅनेलची साफसफाई झाली आणि दुसऱ्या दिवसापासून पॅनेल मीटर अर्धा-पाऊण किलोवॅट दाखवू लागला, मधूनच उणे. अँपिअर मात्र तिन्ही फेजवर पन्नासच्या आसपास, मशीन सगळ्या चालू. सगळ्यांचं मत पडलं की मीटर गेला. नवा मीटर आणला, त्यानेही तेच दाखवलं. मी दुपारभर त्या पॅनेलसमोर बसलो होतो आणि फेजप्रमाणे किलोवॅट वाचायचं मला सुचलंच नव्हतं. शेवटी ते पान उघडलं. बी फेजवर साडेनऊच्या आसपास, आर फेजवर उणे अकरा, वाय फेजवर दीड.

आर आणि वायच्या सीटीच्या वायरी अदलाबदल झाल्या होत्या. म्हणजे मीटर आरच्या व्होल्टेजला वायचा करंट लावून गुणत होता. करून बघा: 240∠0° गुणिले 50∠+156.87°, म्हणजे 12000∠156.87°, म्हणजे उणे ११.०४ किलोवॅट आणि अधिक ४.७१ केव्हीएआर. वायचं व्होल्टेज आणि आरचा करंट: 12000∠−83.13°, म्हणजे १.४४ किलोवॅट आणि उणे ११.९१ केव्हीएआर. बी फेज बरोबर, ९.६ आणि ७.२. तिन्हींची बेरीज घ्या. किलोवॅटही शून्य, केव्हीएआरही शून्य. संतुलित लोडवर दोन सीटी बदलल्या की मीटरला दिसणारी एकूण कॉम्प्लेक्स पॉवर शून्य होते, मग करंट कितीही असो. त्या कारखान्यात लोड किंचित असंतुलित होता म्हणून अर्धा-पाऊण किलोवॅट तरी दिसत होता.

याची सौम्य बहीण म्हणजे एकच सीटी उलटी बसणं. त्या फेजचं S उलटं होतं, उणे ९.६ आणि उणे ७.२. एकूण येतं 9.6 + j7.2, खऱ्याच्या बरोबर एक तृतीयांश. ही चूक जास्त फसवी, कारण पॉवर फॅक्टर तोच ०.८ राहतो आणि कुणाला शंका येत नाही. म्हणून नवा मीटर जोडला की आधी १.७३ गुणिले ४१५ गुणिले ५० करून साधारण ३६ केव्हीए येतात का ते बघायचं, मग प्रत्येक फेजचा किलोवॅट अधिक आहे का ते बघायचं, आणि नंतरच पॉवर फॅक्टरवर बोलायचं. सीटीच्या वायरी हाताळणार असाल तर एक गोष्ट विसरू नका: लोड चालू असताना सीटीचं सेकंडरी उघडं ठेवायचं नाही, आधी शॉर्ट करायचं. उघड्या सेकंडरीवर जिवावर बेतणारं व्होल्टेज तयार होतं.

आता कपॅसिटरकडे. S चा सगळ्यात उपयोगी गुण म्हणजे त्याची बेरीज होते. पॉवर फॅक्टरची होत नाही, केव्हीएचीही होत नाही. समजा तुमच्या २८.८ किलोवॅटमध्ये ६ किलोवॅटची हीटरवाली भट्टी आहे आणि उरलेल्या मोटरी. भट्टी 6 + j0, मोटरी 22.8 + j21.6. मोटरींचा पॉवर फॅक्टर ०.७३ पडतो, भट्टीचा १. सरासरी काढली तर ०.८६ येईल, आणि ती चूक आहे. केव्हीए मिळवले, ३१.४ आणि ६, तर ३७.४ येतील, तेही चूक. किलोवॅट किलोवॅटमध्ये, केव्हीएआर केव्हीएआरमध्ये मिळवा, आणि केव्हीए अन् पॉवर फॅक्टर सगळ्यात शेवटी काढा.

कपॅसिटर म्हणजे या बेरजेतली आणखी एक ओळ: 0 − j15.

28.8 + j21.6 − j15 = 28.8 + j6.6 kVA

केव्हीए २९.५५, पॉवर फॅक्टर ०.९७, करंट ५० वरून ४१ अँपिअर. किलोवॅट जिथल्या तिथे. करंट घटतो तोसुद्धा फक्त कपॅसिटरपासून मागच्या, सप्लायच्या बाजूच्या वायरीत. मोटरपर्यंतच्या केबलमध्ये पहिल्याइतकाच करंट राहतो, कारण मोटरला तिचे २३ ज्यूल लागतातच. त्यातले बरेचसे आता ट्रान्सफॉर्मरऐवजी शेजारच्या कपॅसिटरकडून येतात. मुख्य पॅनेलवर कपॅसिटर लावून शॉपच्या टोकाच्या केबलचं तापणं कमी होईल अशी अपेक्षा धरू नका.

एक बारीक गोष्ट. कपॅसिटरच्या पाटीवर किती व्होल्ट लिहिलंय ते बघा. पाटी ४४० व्होल्टला १५ केव्हीएआर म्हणत असेल तर ४१५ वर तो साधारण १३.३ च देतो, कारण त्याचा Q व्होल्टेजच्या वर्गाने बदलतो. वरच्या गणितात मी ४१५ वर खरे १५ धरले आहेत.

आता रात्र. शिफ्ट सुटली, मोटरी बंद. उरले दिवे, एखादा पंप, ऑफिसचं किरकोळ. धरू 2 + j1.5. कपॅसिटर कुणी बंद केला नाही.

2 + j1.5 − j15 = 2 − j13.5 kVA

केव्हीए १३.६५. पॉवर फॅक्टर २ भागिले १३.६५, म्हणजे ०.१५. तुमच्या मीटरवरचा आकडा हाच, आणि तो लीडिंग आहे. दोन किलोवॅटसाठी लाईनमधून १९ अँपिअर वाहताहेत. कपॅसिटर काढला तर साडेतीन पुरतील. शिवाय रात्री लाईनचं व्होल्टेज चढतं, ४३० झालं तर तोच कपॅसिटर १६ केव्हीएआर देतो. म्हणजे कपॅसिटर असूनही पॉवर फॅक्टर खराब आहे असं नाही, कपॅसिटरमुळेच तो खराब आहे. या वेळी "अजून एक कपॅसिटर टाकू" असं कुणी म्हटलं तर त्याला थांबवा.

मीटरवर लीडिंग ओळखताना सावध राहा. काही मीटर "लीड" असं लिहितात, काही पॉवर फॅक्टरच्या आधी उणे चिन्ह देतात. पण त्या उण्याचा अर्थ सगळीकडे एक नाही. काही मीटरमध्ये ते लीडिंग सांगतं, तर काहींत किलोवॅट उलट्या दिशेने जात असल्याचं. म्हणून पॉवर फॅक्टरचं चिन्ह वाचू नका, किलोवॅटचं आणि केव्हीएआरचं चिन्ह वेगवेगळं वाचा. किलोवॅट अधिक आणि केव्हीएआर उणे असेल तर लोड कपॅसिटिव्ह. किलोवॅटच उणे असेल आणि शॉपवर सोलर नसेल तर सीटी तपासा.

पॉवर फॅक्टर हा आकडा मला एकटा कधीच पटला नाही, त्याचं कारण हेच. ०.८ म्हटलं की लॅग का लीड कळत नाही, आणि किती केव्हीएआरचा प्रश्न आहे हेही कळत नाही. दोन किलोवॅटचा ०.८ आणि दोनशे किलोवॅटचा ०.८ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात २१० मेगावॅटचे संच आहेत. अशा संचाच्या जनित्राची क्षमता २४७ एमव्हीए, ०.८५ पॉवर फॅक्टरला सांगतात. वर्गमूळ काढून बघितलं तर सुमारे १३० मेगाव्हीएआर द्यायची सोय त्यात आहे हे दिसतं. तिथले ऑपरेटर पॉवर फॅक्टरपेक्षा मेगावॅट आणि मेगाव्हीएआर हे दोन आकडे वेगळे सांभाळतात: वाफ वाढवली की पहिला हलतो, एक्सायटेशन वाढवलं की दुसरा. तुमच्या पॅनेलकडेही त्याच नजरेने बघा.

याचा पैशांशी संबंध कसा येतो तेही पाहू. महावितरणने एप्रिल २०२० पासून मोठ्या ग्राहकांचं बिल किलोवॅट-तासांऐवजी केव्हीए-तासांवर, म्हणजे केव्हीएएचवर आणलं. त्या हिशेबात लॅगचे आणि लीडचे रिॲक्टिव्ह युनिट एकमेकांतून वजा होत नाहीत, दोन्ही मिळवले जातात. दिवसाचे दहा तास वरचा लोड आणि रात्रीचे दहा तास हा दुसरा लोड असं धरा. किलोवॅट-तास २८८ अधिक २०, म्हणजे ३०८. कपॅसिटर मुळीच नसता तर लॅगचे २१६ आणि १५ मिळून २३१ युनिट झाले असते, आणि केव्हीएएच ३८५. कपॅसिटर रात्रंदिवस चालू ठेवला तर दिवसाचा लॅग ६६ आणि रात्रीचा लीड १३५, मिळून २०१, आणि केव्हीएएच ३६८. एवढं करून वाचले फक्त १७. रात्री कपॅसिटर बंद ठेवला तर लॅग ६६ अधिक १५, म्हणजे ८१, आणि केव्हीएएच ३१८ च्या आसपास. वाचले ६६ हून जास्त. तोच कपॅसिटर, फक्त एक काँटॅक्टर वेळेवर पडला. तुमच्या बिलावर लॅग आणि लीडचे आकडे वेगळे छापलेले असतील तर लीडचा आकडा आजच काढून बघा.

उपाय म्हणून तुमच्या शॉपला मोठ्या ऑटोमॅटिक पॅनेलची गरज आहे असं मला वाटत नाही. लोड दिवसभर असाच स्थिर असेल तर कपॅसिटरच्या काँटॅक्टरला मुख्य मशीनच्या लाईनशी इंटरलॉक द्या किंवा टायमर लावा. बंद केल्यावर लगेच चालू होऊ देऊ नका. डिस्चार्ज रेझिस्टरला कपॅसिटर ७५ व्होल्टच्या खाली आणायला तीन मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो, आणि भरलेल्या कपॅसिटरवर उलट्या फेजचं व्होल्टेज पडलं की काँटॅक्टरचे पॉइंट चिकटतात. लोड दिवसभर वरखाली होत असेल तर मात्र पाच-पाचचे तीन टप्पे आणि रिले घ्या. रिलेची सीटी अशा जागी लावा की तिच्यातून लोड आणि कपॅसिटर दोघांचा करंट जाईल. ती कपॅसिटरच्या पुढे, फक्त लोडवर बसवली तर रिलेला आपण टाकलेला −j कधी दिसतच नाही, आणि तो एकामागून एक सगळे टप्पे टाकत जातो.

शेवटी एक मर्यादा, कारण अंबडच्या बहुतेक शॉपमध्ये आता व्हीएफडी आणि सीएनसी आहेत. S = VI* हे एकाच फ्रिक्वेन्सीच्या साइन लाटांसाठी आहे. ड्राइव्हचा करंट साइन नसतो, टोकदार असतो, त्यात हार्मोनिक्स असतात. तिथे किलोवॅट आणि केव्हीएआरच्या वर्गांची बेरीज केव्हीएच्या वर्गाएवढी भरत नाही. उदाहरणार्थ मीटर २० किलोवॅट, ५ केव्हीएआर आणि २४ केव्हीए दाखवतोय. वीस आणि पाचमधून साडेवीसच केव्हीए निघतात. उरलेली तफावत वर्गांच्या हिशेबाने १२ केव्हीएची आहे, आणि ती हार्मोनिक्सची. पॉवर फॅक्टर ०.८३ दिसतो, पण कपॅसिटरने भरून काढता येईल असे केव्हीएआर फक्त ५ च आहेत. वीस किलोवॅट आणि ०.८३ एवढंच पाहून कुणी तक्त्यातून ९-१० केव्हीएआरचा कपॅसिटर काढला, तर तो लीडिंगमध्ये जाईल, हार्मोनिक्सचा करंट स्वतःकडे ओढून तापेल, आणि ट्रान्सफॉर्मरशी रेझोनन्स झाला तर फुगेल. अशा ठिकाणी सात टक्क्यांची रिॲक्टर सोबत घेतात. तिच्यामुळे जोडीची रेझोनन्स फ्रिक्वेन्सी १८९ हर्ट्झवर, म्हणजे पाचव्या हार्मोनिकच्या बऱ्याच खाली येते.

ही तपासणी करताना मीटरच्या पुस्तिकेत एक गोष्ट बघून घ्या. काही मीटर केव्हीएआर वेगळा मोजतच नाहीत, केव्हीए आणि किलोवॅटवरून वर्गमुळाने काढतात. त्यांच्यावर ही बेरीज नेहमीच भरते आणि हार्मोनिक्स लपून राहतात.

तुमच्या शॉपवर करायचं ते असं. एखाद्या संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर पॅनेलसमोर उभे राहा आणि तिन्ही फेजचे किलोवॅट, केव्हीएआर, केव्हीए आणि अँपिअर चिन्हासकट वहीत लिहा. मग कपॅसिटर बंद करा आणि तेच आकडे पुन्हा घ्या. दोन वाचनांत किलोवॅट जवळपास तोच राहायला हवा आणि एकूण केव्हीएआरमध्ये १५ च्या आसपास फरक पडायला हवा. फरक दहाच पडला तर कपॅसिटरचा एखादा फेज किंवा एखादा सेल गेलेला असू शकतो; त्याच्या तिन्ही वायरींना टाँग टेस्टर लावा, निरोगी १५ केव्हीएआरला प्रत्येकीत २१ अँपिअरच्या जवळपास करंट हवा. किलोवॅट बदलला तर प्रश्न कपॅसिटरचा नाही, सीटीच्या जोडणीचा आहे.